लेबल गळालेल्या चार बाटल्या

कोकणातल्या पावसाळ्यात रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये दोन गोष्टी ठरलेल्या असतात. लोखंडी स्टँड गंजतात आणि बाटल्यांवरची लेबलं सुटतात. एका जुलैत आमच्या लॅबचे मामा हातात चार ओलसर चिठ्ठ्या घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. कपाटाच्या खालच्या कप्प्यात चार बाटल्या होत्या, त्यांची लेबलं एकाच आठवड्यात गळून पडली होती. चिठ्ठ्या शाबूत, बाटल्याही शाबूत. कोणती चिठ्ठी कुठल्या बाटलीची, तेवढंच कळत नव्हतं. चिठ्ठ्यांवर नावं होती: फेनिलॲसिटिलीन, बेन्झोनायट्राइल, ॲनिलीन आणि नायट्रोबेन्झीन.

नावं अवघड वाटली तरी ही चार भावंडंच आहेत. प्रत्येकाच्या पोटात सहा कार्बनचं तेच बेन्झीनचं कडं आहे आणि त्या कड्याला एकेक वेगळी शेपटी आहे. फेनिलॲसिटिलीनची शेपटी म्हणजे तिहेरी बंधाने जोडलेले दोन कार्बन आणि टोकाला एक हायड्रोजन, `–C≡C–H`. याला टर्मिनल अल्काइन म्हणतात. बेन्झोनायट्राइलला नायट्राइल, `–C≡N`. ॲनिलीनला प्रायमरी अमीन, `–NH₂`. नायट्रोबेन्झीनला नायट्रो, `–NO₂`. चौघंही पातळ आहेत आणि जुनी झाली की थोडीफार पिवळी-तपकिरी पडतात.

मामा म्हणाले, "सर, वासावरून सांगा की. तुमचं नाक तयार आहे." नाक तयार होतं हे खरं, पण इथे नाकच फसवतं. नायट्रोबेन्झीन आणि बेन्झोनायट्राइल या दोघांनाही कडू बदामाचा वास येतो. नायट्रोबेन्झीन एके काळी साबणाला बदामाचा वास आणायला वापरत. आज ते कुणी मुद्दाम हुंगणार नाही, कारण ते कातडीतूनही आत शिरतं आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी करतं. शिवाय बी.एस्सी.च्या मुलांची हुकमी लॅसेन टेस्ट, म्हणजे सोडियमबरोबर तापवून नायट्रोजन शोधणं, इथे फारशी कामाची नाही. चारांतल्या तिघांत नायट्रोजन आहे. फेनिलॲसिटिलीन तेवढं बाजूला निघेल, बाकीचे तीन जिथल्या तिथे.

म्हणून आम्ही चारही बाटल्यांतला एकेक थेंब इन्फ्रारेड यंत्रात घातला.

यंत्र काय करतं ते आधी सांगतो. रेणूतले बंध ताठ काड्यांसारखे नसतात, स्प्रिंगसारखे असतात. दोन टोकांचे अणू सतत जवळ-लांब होत असतात. अशा कंपनाचा वेग प्रत्येक बंधाचा स्वतःचा. तो वेग ज्या इन्फ्रारेड किरणाच्या वेगाशी जुळतो, तो किरण रेणू गिळतो. यंत्र नमुन्यातून सगळे किरण सोडतं आणि पलीकडे कोणते कमी पोचले ते कागदावर रेघेने काढून देतं. किरण गिळला गेला त्या जागी रेघ खाली बुडते. आम्ही या बुडण्याला 'पीक' म्हणतो. कागदावर ती दरी असते, तरी शब्द शिखराचाच. सवयीने ते आता कुणाला खटकत नाही.

कागदाच्या तळाशी जे आकडे असतात त्यांना वेव्हनंबर म्हणतात. एका सेंटीमीटरमध्ये किरणाच्या किती लाटा बसतात, तो हा आकडा. पट्टी उलटी असते, डावीकडे ४००० आणि उजवीकडे ४००. आकडा जितका मोठा तितकं कंपन वेगवान. ३३०० हा आकडा म्हणजे सेकंदाला जवळजवळ एक कोटी गुणिले एक कोटी हेलकावे.

बंधाचा आकडा दोन गोष्टींवर ठरतो, स्प्रिंग किती ताठ आणि टोकांचे अणू किती जड. हायड्रोजन सगळ्यांत हलका, म्हणून त्याचे बंध पट्टीच्या डाव्या टोकाला, साधारण २८०० ते ३६०० मध्ये दिसतात. तिहेरी बंध फार ताठ, पण त्यांच्या टोकांना कार्बन-नायट्रोजनसारखे जड अणू, म्हणून ते २१०० ते २२६० मध्ये. दुहेरी बंध त्याखाली, १६०० ते १७५० च्या आसपास. एकेरी बंध आणखी खाली, जिथे इतकी गर्दी असते की एकेका पिकाचं नाव सांगणं धोक्याचं. आमच्या चार शेपट्यांसाठी कागदावरचे तीनच पट्टे बघावे लागतात. एक ३३०० ते ३५००, दुसरा २१०० ते २२६० आणि तिसरा १३०० ते १६५०. बाकी सगळं कड्याचं आहे आणि कडं चौघांतही एकच.

पहिला कागद निघाला तो अगदी सरळ होता. ३०७० च्या आसपास कड्याच्या हायड्रोजनचे बारीक दात, १६०० आणि १४९० जवळ कड्याच्या स्वतःच्या खुणा, उजवीकडे ७५७ आणि ६८८ ला दोन खोल दऱ्या. एकच शेपटी लागलेलं बेन्झीनचं कडं असं ओळखू येतं. बाकीचा सगळा भाग मोकळा, आणि त्या मोकळ्या मैदानाच्या मध्ये, २२२९ ला, सुईने टोचल्यासारखा एकच अरुंद पीक. हे बेन्झोनायट्राइल.

मुलांना हा कागद सगळ्यांत सोपा वाटतो आणि एका अर्थी आहेही. सामान्य सेंद्रिय पदार्थांत २२०० च्या आसपास दिसणाऱ्या गोष्टी मोजक्याच. तरी मी त्यांना इथेच थांबवून विचारतो, "या पिकाचा जोडीदार कुठे आहे?" उत्तर असं की नायट्राइलला जोडीदार नसतो. `C≡N` च्या टोकाला हायड्रोजन नाही, त्यामुळे ३३०० ला काही दिसायला नको. इथे रिकामी जागा हाच पुरावा. ३३०० ला जर टोकदार पीक असता तर मला नायट्राइलच्या आधी अल्काइनचा संशय आला असता.

आकड्यातही एक गंमत आहे. ॲसिटोनायट्राइल नावाच्या साध्या विद्रावकात हाच बंध २२५४ ला दिसतो. बेन्झोनायट्राइलमध्ये तो पंचवीस घरं खाली उतरला. कारण कड्यातले इलेक्ट्रॉन आणि तिहेरी बंधातले इलेक्ट्रॉन एकमेकांत मिसळतात, त्यामुळे तिहेरी बंधाची स्प्रिंग किंचित सैल होते. म्हणून २२४० च्या वर असेल तर नायट्राइल साध्या साखळीला लागलेला आहे आणि २२२० ते २२४० मध्ये असेल तर कड्याला किंवा दुहेरी बंधाला, असा अंदाज बांधता येतो. अंदाजच तो, चार-पाच आकड्यांच्या फरकावर कुणी पैज लावू नये.

दुसऱ्या कागदावर ३२९१ ला एक खोल, अरुंद, सरळ उतरलेला पीक होता. मामांना तो अमीनचा वाटला, कारण भिंतीवरच्या तक्त्यात 'अमीन ३३०० ते ३५००' असं लिहिलेलं. तक्त्यावरून ओळखायला गेलं की अशीच चूक होते. आकडा जवळपास जुळला तरी पिकाचा आकार जुळत नव्हता. हा टोकाच्या `≡C–H` चा पीक. तिहेरी बंधातल्या कार्बनला लागलेला हायड्रोजन नेहमीपेक्षा घट्ट धरलेला असतो, म्हणून कड्याचे हायड्रोजन ३०७० ला असताना हा दोनशे घरं वर जाऊन बसतो.

आता याचा जोडीदार. टर्मिनल अल्काइन असेल तर `C≡C` चा पीक २१०० ते २१४० मध्ये सापडायला हवा. आमच्या कागदावर तो होता, पण इतका बारीक की मामांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. २११० ला छोटीशी खाच. तिहेरी बंध तोच, ताठपणाही जवळपास तेवढाच. मग नायट्राइलचा पीक ठसठशीत आणि हा असा लाजरा का? रेणूचं कंपन किरण गिळतं ते विजेच्या जोरावर. कंपन करताना रेणूतल्या धन आणि ऋण भाराची वाटणी हलली पाहिजे. नायट्राइलमध्ये एका टोकाला कार्बन आणि दुसऱ्या टोकाला इलेक्ट्रॉन ओढून धरणारा नायट्रोजन. तो बंध ताणला की भाराची वाटणी चांगलीच हलते. अल्काइनमध्ये दोन्ही टोकांना कार्बन, ओढाताण जवळपास सारखी. म्हणून पीक फिका.

ही गोष्ट टोकाला नेली तर पीक नाहीसाच होतो. डायफेनिलॲसिटिलीन नावाच्या पदार्थात तिहेरी बंधाच्या दोन्ही बाजूंना एकेक बेन्झीनचं कडं असतं. दोन्ही अंगं तंतोतंत सारखी, त्यामुळे बंध कितीही ताणला तरी भार जिथल्या तिथे. इन्फ्रारेडच्या कागदावर या तिहेरी बंधाची खूण उमटत नाही आणि टोकाला हायड्रोजन नसल्यामुळे ३३०० लाही काही नाही. कागद बघून कुणी म्हणालं की यात तिहेरी बंध नाही, तर तो माणूस कागद नीट वाचूनही चुकलेला असेल. असा बंध बघायचा तर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेल्या परिणामावर चालणारं यंत्र लागतं. तिथे नियम वेगळा आहे, आणि इन्फ्रारेडमध्ये मुका राहिलेला हाच बंध तिथे खणखणीत बोलतो.

आजकाल बऱ्याच ठिकाणी नमुना हिऱ्याच्या छोट्या चकतीवर ठेवून मोजतात. थेंब टाकला की झालं, मिठाच्या काचा नकोत, गोळी दाबायला नको. सोय मोठी आहे. पण हिरा स्वतः साधारण १८०० ते २३०० या पट्ट्यात किरण गिळतो. यंत्र ते वजा करतं खरं, तरी वजाबाकी केलेल्या जागी रेघ थरथरती राहते, आणि अल्काइनची ती लाजरी खाच नेमकी त्याच थरथरीत पडते. शिवाय या पद्धतीत डावीकडचे पीक उजवीकडच्यांपेक्षा फिके येतात, कारण लहान लाटांचे किरण नमुन्यात कमी खोल शिरतात. २३५० च्या आसपास हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची जुळी खूण असते ती वेगळीच. नव्या मुलाने तिला नायट्राइल म्हणून घोषित करणं हा आमच्याकडचा वार्षिक कार्यक्रम आहे. म्हणून २११० ला खात्री वाटत नसेल तर मी ३२९१ कडे बघतो. तिथला खोल पीक भक्कम साक्षीदार आहे. नमुन्याचा थर जाड करून पुन्हा मोजलं तर खाचही वर येते.

तिसरा कागद ॲनिलीनचा, आणि माझा सगळ्यांत आवडता. डावीकडे एका रुंद उतारावर दोन दात, एक ३४४२ ला आणि दुसरा ३३६० ला. प्रायमरी अमीनमध्ये नायट्रोजनला दोन हायड्रोजन लागलेले असतात. तरीही दोन हायड्रोजन म्हणून दोन पीक, असा हिशेब नाही. दोन्ही बंध अगदी सारखे आहेत. एकेकटे हलले असते तर दोघांचा मिळून एकच पीक आला असता.

दिवाळीत गॅलरीत एकाच दोरीला दोन सारखे आकाशकंदील टांगलेले बघा. एकाला हलवलं की दोरीतून दुसऱ्यालाही हेलकावा मिळतो. मग त्यांच्या हलण्याच्या दोनच ठरलेल्या तऱ्हा होतात. दोघं एकाच बाजूला जातात, नाहीतर एक इकडे आणि एक तिकडे. या दोन तऱ्हांचा वेग किंचित वेगळा असतो. `NH₂` चे दोन बंध एकाच नायट्रोजनला टांगलेले आहेत. दोन्ही एकदम लांबतात ती एक तऱ्हा, तिचा पीक ३३६० ला. एक लांबतो तेव्हा दुसरा आखडतो ती दुसरी, थोडी वेगवान, तिचा ३४४२ ला. नायट्रोजनला एकच हायड्रोजन असेल तर दोरीवर एकच कंदील आणि एकच पीक. एकही नसेल तर या भागात अमीनची काही खूण नाही. प्रायमरी, सेकंडरी आणि टर्शरी अमीन ओळखायची ही पहिली खूण.

बेलामी आणि विल्यम्स या दोघांनी १९५७ मध्ये या दोन दातांचं नातं आकड्यात मांडलं. वरच्या दाताला ०.८७६ ने गुणायचं आणि त्यात ३४५.५ मिळवायचे, खालचा दात मिळतो. आमचा कागद घ्या. ३४४२ गुणिले ०.८७६ म्हणजे ३०१५.२. त्यात ३४५.५ मिळवले की ३३६०.७. कागदावर ३३६०. हे गणित मी मुलांकडून वहीत करून घेतो, कारण त्याचा खरा उपयोग उलट्या दिशेने होतो. दोन पीक दिसले पण ते या हिशेबात बसत नसतील, तर ते एकाच `NH₂` चे दोन दात नसावेत. त्यातला एखादा पाण्याचा, अल्कोहोलचा किंवा हायड्रोजन-बंधात अडकलेल्या रेणूंचा असू शकतो. दाट पातळ पदार्थात रेणू एकमेकांना धरून असतात तेव्हा हा हिशेब थोडा ढिला पडतो, हेही खरं.

ॲनिलीनचा तिसरा साक्षीदार १६२० ला असतो. कात्रीची पाती उघडझाप करतात तसे `NH₂` चे दोन बंध हलतात, त्या हालचालीचा हा पीक. पण तो कड्याच्या १६०० च्या खुणेला खेटून बसतो आणि घाईत बघणाऱ्याला दोन्ही मिळून एकच वाटतात.

आता पावसाळ्याकडे परत यायला हवं. घन नमुना मोजायची जुनी रीत अशी की एक-दोन मिलिग्रॅम नमुना साधारण दोनशे मिलिग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये खलायचा आणि दाबून काचेसारखी गोळी करायची. ही भुकटी हवेतलं पाणी ओढते. आमच्याकडे जुलैत ओव्हनमधून बाहेर काढून खलेपर्यंत ती ओली होते आणि गोळी दुधाळ निघते. पाण्याच्या खुणा कुठे येतात? एक ३४०० ला आणि एक १६४० ला. म्हणजे अमीन जिथे शोधायचं जवळपास तिथेच. एका वर्षी अर्ध्या वर्गाने एका साध्या आम्लात अमीन शोधून काढलं होतं. मी नमुना न घालता नुसत्या भुकटीची गोळी करायला लावली. त्या गोळीतही 'अमीन' निघालं. मग वर्गाला हसू आलं. पाण्याचा पीक पसरट, टेकडी उलटी केल्यासारखा असतो. अमीनचे दात त्या टेकडीच्या मानाने बारीक आणि दोन. संशय आला की आधी नुसती गोळी मोजावी.

चौथी बाटली उरली होती, ती नायट्रोबेन्झीनचीच असणार. तरी कागद काढलाच. ३१०० च्या डावीकडे काही नाही, २००० च्या भागात काही नाही, आणि १५२१ व १३४७ ला कागद फाडत जाणारे दोन खोल पीक. इतके खोल की पहिल्यांदा रेघ तळाला जाऊन बसली आणि थर पातळ करून पुन्हा मोजावं लागलं.

नायट्रोमध्ये नायट्रोजनला दोन ऑक्सिजन लागलेले आहेत. पुस्तकात एक बंध दुहेरी आणि एक एकेरी काढतात, पण प्रत्यक्षात दोन्ही सारखे, दीड बंधाचे. म्हणून कंपनही दुहेरी आणि एकेरी बंधांच्या मधल्या भागात येतं. दोन सारखे बंध एकाच अणूला टांगलेले, म्हणजे पुन्हा आकाशकंदील. उलटसुलट हालचाल १५२१ ला, एकत्र हालचाल १३४७ ला. ऑक्सिजन ऋण भार घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे बंध हलला की भाराची वाटणी मोठ्या प्रमाणावर हलते. दऱ्या खोल असण्याचं कारण हेच. नायट्राइलप्रमाणे इथेही कड्याला लागल्यावर आकडे खाली येतात. साध्या साखळीवरचा नायट्रो १५५० च्या आसपास असतो. आणि नायट्रो असला की उजवीकडच्या ७५० आणि ६९० या कड्याच्या खुणांवर विसंबता येत नाही, कारण नायट्रोची स्वतःची हालचाल त्यांच्यात मिसळते.

चार चिठ्ठ्या लागल्या. त्याच महिन्यात यातल्या दोन बाटल्यांनी पुन्हा काम लावलं. एम.एस्सी.च्या एका मुलीला नायट्रोबेन्झीनपासून ॲनिलीन करायचं होतं. कथील आणि हायड्रोक्लोरिक आम्ल वापरून, जुनीच पद्धत. तिने १० ग्रॅम नायट्रोबेन्झीन घेतलं होतं. सगळं बदललं तर ॲनिलीन साडेसात ग्रॅमच्या थोडं वर मिळायला हवं. आम्लात ॲनिलीन क्षाररूपात अडकून राहतं, म्हणून शेवटी भरपूर कॉस्टिक सोडा घालून ते मोकळं करायचं आणि वाफेबरोबर ऊर्ध्वपातन करून घ्यायचं. तिने ते केलं, कागद काढला आणि खुशीत आली. "सर, दोन्ही दात आलेत."

दात आले होते. मी तिला १३४७ कडे बघायला सांगितलं. तिथे बऱ्यापैकी खोल दरी होती. ॲनिलीनला त्या जागी असं काही नसतं. त्याचा जोरदार पीक १२८० च्या जवळ असतो. म्हणजे नायट्रोबेन्झीन पूर्ण बदललेलं नव्हतं, आणि ते ॲनिलीनसारखंच वाफेबरोबर उडतं, त्यामुळे दोघं एकत्र उतरले होते. तिने विचारलं, "मग १५२१ ला का दिसत नाही, सर?" प्रश्न नेमका होता. ॲनिलीनच्या कड्याचा स्वतःचा भक्कम पीक १५०० ला आहे. १५२१ चा पीक त्याच्या खांद्यावर बसल्यासारखा दिसत होता आणि तिने त्याला कड्याचाच भाग समजून सोडून दिलं. जोडीतला एक गर्दीत हरवला तर दुसऱ्याला मोकळ्या जागी शोधायचं, म्हणून या प्रयोगात १३४७ कडे बघायचं.

दोघांना वेगळं करायला तिने मिश्रण इथरमध्ये घेऊन पातळ आम्लाने हलवलं. ॲनिलीन आम्लात उतरतं, नायट्रोबेन्झीन इथरमध्येच राहतं. बरोबर केलं. पण मग सोडा घालायचं विसरून तिने आम्लाचा थर तसाच आटवला. पांढरे स्फटिक मिळाले. त्यांची गोळी करून मोजली आणि रडवेल्या चेहऱ्याने आली, कारण १३४७ गेला होता तसे दातही गेले होते. ३३०० च्या वर काही नाही, आणि ३००० पासून २५०० पर्यंत एक रुंद, खडबडीत दरी.

ॲनिलीन कुठेही गेलेलं नव्हतं. आम्लाचा हायड्रोजन घेऊन `NH₂` चा `NH₃⁺` झाला होता. शेजारी बसलेला क्लोराइड त्याचे हायड्रोजन आपल्याकडे ओढतो, त्यामुळे `N–H` बंध सैल होतात आणि पीक खाली घसरून पसरतो. ॲनिलीनचा हायड्रोक्लोराइड असाच दिसतो. औषधांच्या गोळ्यांत अमीन पुष्कळदा अशा क्षाररूपात असतं, तिथेही दोन दात शोधत बसलं तर हाती काही लागत नाही.

तिने स्फटिक पाण्यात विरघळवले, सोडा घातला, तेल वर आलं. ते इथरमध्ये घेतलं आणि कॉस्टिक पोटॅशच्या दाण्यांवर रात्रभर सुकवलं. पाणी काढायला सगळ्यांच्या हाताशी कॅल्शियम क्लोराइड असतं, पण ते अमीनला स्वतःशी बांधून ठेवतं, म्हणून पोटॅश. दुसऱ्या दिवशी इथर उडवून काढलेल्या कागदावर ३४४२ आणि ३३६० चे दोन दात स्वच्छ होते, १६२० ला खांदा होता आणि १३४७ ची जागा सपाट होती. मी तिच्या वहीवर सही केली. 'शुद्ध' हा शब्द मात्र तिने खोडून 'नायट्रोबेन्झीन दिसत नाही' असं लिहावं असं सांगितलं. शेकडा एक-दोन भाग उरला असता तरी या कागदावर तो कदाचित दिसला नसता. तेवढं बघायचं तर गॅस क्रोमॅटोग्राफी लागते.

मामांनी चारही बाटल्यांवर नवी लेबलं लावली. नावाखाली त्यांनी आकडेही लिहून घेतले: २२२९, ३२९१ आणि २११०, ३४४२ आणि ३३६०, १५२१ आणि १३४७. पेन्सिलीने लिहिलं, कारण शाई पावसात पसरते.